ज्युनिअर अकाउंटंटचे ऑफर लेटर: एका मसुद्याची चिरफाड

चोवीस माणसांची एक व्यापारी फर्म, महाराष्ट्रातली. जून २०२५ मध्ये तिला ज्युनिअर अकाउंटंट हवा आहे. निवडलेली उमेदवार बी.कॉम. आहे, एका लहान सीए कार्यालयात दोन वर्षे काम करते आहे आणि त्याआधी आठ महिने एका मोठ्या कंपनीत होती. मुलाखतीत मालकांनी "पंचवीस हजार देऊ" असे सांगितले, तिने मान हलवली. दोघांच्या डोक्यातला आकडा एकच होता, अर्थ मात्र वेगळा: मालकांच्या लेखी पंचवीस हजार म्हणजे फर्मला येणारा महिन्याचा सगळा खर्च, तिच्या लेखी बँकेत जमा होणारी रक्कम.

ऑफर लेटर नेमके या जागी उपयोगी पडते. ते वाचणाऱ्यांत एक माणूस असा असतो जो मुलाखतीला हजर नव्हता, तो म्हणजे पहिल्या महिन्याचा पगार काढणारा. फक्त पत्र समोर ठेवून, कोणालाही फोन न करता, त्याला पगाराची स्लिप बनवता आली तर पत्र नीट लिहिले गेले असे समजावे. फर्मने इंटरनेटवरचे दोन-तीन नमुने जोडून केलेला पहिला मसुदा या कसोटीवर जवळपास प्रत्येक कलमात अडतो.

पगाराचा तक्ता

मसुद्यात "वार्षिक सीटीसी ₹३,००,०००", म्हणजे फर्मला येणारा वर्षाचा सगळा खर्च, असे ठळक छापले होते आणि खाली महिन्याचा तक्ता होता: बेसिक १०,०००, घरभाडे भत्ता ४,०००, विशेष भत्ता ८,०००, म्हणजे एकूण पगार २२,०००. त्यापुढे मालकाचा पीएफ १,२००, ग्रॅच्युइटी ४८१, बोनस ८३३ आणि गट आरोग्य विम्याचा हप्ता ४८६. बेरीज बरोबर पंचवीस हजार. बेरीज जुळली म्हणून कोणी पुढे पाहिलेच नाही.

पहिली चूक पीएफची. बेसिक मुद्दाम कमी आणि विशेष भत्ता जास्त ठेवायचा, म्हणजे पीएफ दहा हजारांवरच बसेल, हा जुना डाव आहे. पण २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता, ज्याचा जादा कामाशी किंवा कामगिरीशी संबंध नाही, तो पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. इथला 'विशेष' भत्ता सगळ्यांना मिळतो. म्हणून पीएफचे वेतन १८,००० होते. सक्तीची मर्यादा १५,००० असल्याने पीएफ त्या रकमेवर थांबवता येतो: १२ टक्क्यांनी तिच्याकडून १,८०० आणि फर्मकडून १,८००. मसुद्यातला १,२०० हा आकडा तपासणीत टिकणार नाही. फरकाची वसुली, व्याज आणि नुकसानभरपाई फर्मच्याच अंगावर येईल, कारण मागे राहिलेला कर्मचाऱ्याचा हिस्सा नंतर तिच्या पगारातून कापून घेता येत नाही.

इथे एक बारीक अट आहे. पूर्वी कधीच पीएफ सदस्य नसलेली व्यक्ती पंधरा हजारांहून अधिक पीएफ वेतनावर रुजू झाली, तर तिला सदस्य करण्याची सक्ती नसते. ही उमेदवार मात्र आठ महिन्यांच्या त्या नोकरीत सदस्य झाली होती, तिचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, आहे आणि रक्कम तिने काढलेली नाही. म्हणून सदस्यत्व पुढे चालू ठेवावेच लागते. सीए कार्यालयात पीएफ नव्हता, तेवढ्यावरून "पूर्वीचा पीएफ नाही" असे धरले असते तर फसगत झाली असती. म्हणून हा प्रश्न पत्र काढण्याआधी विचारायचा, रुजू झाल्यावर नाही.

दुसरी चूक व्यवसाय कराची. मसुद्यासोबतच्या अंदाजपत्रकात दरमहा २०० रुपये कापलेले होते. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. तिचा एकूण पगार २२,००० आहे, म्हणजे कपात शून्य. तिच्या जागी पुरुष उमेदवार असता तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापावे लागले असते. पूर्वीच्या कर्मचाऱ्याची फाइल उघडून नाव बदलले की असे आकडे पत्रात शिरतात.

आता हातात काय पडते ते पाहू. मसुद्याप्रमाणे २२,००० वजा १,२०० वजा २०० म्हणजे २०,६००. बरोबर हिशेबाने २२,००० वजा १,८०० म्हणजे २०,२००. तिच्या डोक्यात २५,००० आहेत. ही जवळपास पाच हजारांची दरी आज पत्रात दिसली तर बोलणी होतील. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या मेसेजमधून दिसली, तर ती दुसरीकडे अर्ज करायला लागेल.

तिसरा प्रश्न ग्रॅच्युइटी आणि बोनस महिन्याच्या तक्त्यात दाखवण्याचा. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर मिळते. दोन वर्षांनी नोकरी सोडणाऱ्याला तिच्यातला रुपयाही दिसत नाही. ती दरमहाच्या कमाईत मोजून दाखवणे बेकायदा नाही, पण वाचणाऱ्याची दिशाभूल करते. बोनसचे थोडे वेगळे. २१,००० पर्यंत बेसिक व महागाई भत्ता असलेला आणि वर्षात किमान तीस दिवस काम केलेला कर्मचारी त्याला पात्र ठरतो, आणि किमान दर ८.३३ टक्के आहे. गणना ७,००० किंवा त्या कामाचे किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर होते. मसुद्यातले ८३३ हे सरळ बेसिकवर काढलेले, म्हणजे आधारच चुकीचा.

सुधारित तक्त्यात बेसिक १५,००० आणि घरभाडे भत्ता ७,००० असे दोनच घटक ठेवले. विशेष भत्ता काढून टाकला, कारण त्यामुळे फायदा काहीच होत नव्हता, वाद मात्र शक्य होता. एकूण पगार पूर्वीइतकाच, २२,०००. फर्मचा पीएफ हिस्सा १,८००, त्यावर विमा योजना आणि प्रशासकीय शुल्क मिळून एक टक्का म्हणजे १५०, आणि आरोग्य विमा ४८६. फर्मचा दरमहा खर्च २४,४३६, वर्षाला २,९३,२३२. बोनस आणि ग्रॅच्युइटी "कायद्यानुसार, वरील रकमेव्यतिरिक्त" अशी एका ओळीत. ७,००० वर धरला तरी पूर्ण वर्षाचा किमान बोनस ६,९९७ होतो, म्हणजे मालकांनी मनात धरलेले तीन लाख भरतातच, थोडे वरही जातात. पण पत्रात 'तीन लाख' हा आकडा कुठेही छापलेला नाही. छापला आहे तो हातात पडणारा आकडा, आणि उमेदवाराला तोच हवा असतो.

जाता जाता ईएसआयबद्दल, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेबद्दल. जून २०२५ च्या नियमांनुसार २१,००० पर्यंतच्या वेतनाला ते लागू होते आणि इथले वेतन २२,०००, म्हणून ते लागले नाही. मालकांनी एकदा "पगार एकवीस हजार करू, बाकीचे बोनसमध्ये देऊ" असे सुचवले. तसे केले असते तर तिच्याकडून १५८ आणि फर्मकडून ६८३ रुपये दरमहा गेले असते, बदल्यात तिला ईएसआयचे वैद्यकीय संरक्षण मिळाले असते. तो पर्याय वाईट नाही. फक्त पगाराचा गोल आकडा जुळावा म्हणून नकळत सीमा ओलांडू नये.

पहिल्या महिन्याचा भागाकार

तक्ता नीट झाला तरी पगार काढणारा एका ठिकाणी थांबतोच. ती सोमवारी ७ जुलैला रुजू झाली. जुलैचा पगार किती? ३१ दिवसांच्या हिशेबाने २५ दिवस धरले तर १७,७४२ रुपये. फर्ममध्ये काही जणांना २६ दिवसांच्या हिशेबाने पगार दिला जातो. रविवार वगळले तर ७ ते ३१ जुलैमध्ये कामाचे दिवस २२, आणि त्या हिशेबाने १८,६१५. फरक ८७३ रुपये, आणि दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर. म्हणून पत्रात एकच वाक्य वाढवले: अपुऱ्या महिन्याचा पगार त्या महिन्याच्या कॅलेंडर दिवसांनी भागून काढला जाईल. मग बेसिक १२,०९७, त्यावरचा पीएफ १,४५२ आणि हातात १६,२९०. हा आकडा तिला रुजू होण्याच्या दिवशीच सांगता येतो.

पद आणि काम

मसुद्यात "लेखा व प्रशासन विभागातील सर्व कामे व व्यवस्थापन सांगेल ती कामे" एवढेच लिहिले होते. या वाक्याची अडचण पहिल्या दिवशी जाणवत नाही, प्रोबेशन संपताना जाणवते. कामगिरी असमाधानकारक म्हणायचे तर कोणत्या कामातली, हे कागदावर कुठेच नसते.

सुधारित पत्रात काम नावानिशी आले. टॅलीमध्ये खरेदी, विक्री आणि खर्चाच्या रोजच्या नोंदी. दर शनिवारी बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि फर्मच्या नोंदी जुळवणे. खरेदीची बिले जीएसटीआर-२बी शी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, जुळवून न जुळलेल्यांची यादी दर महिन्याच्या १६ तारखेपर्यंत देणे. टीडीएसची महिन्याची रक्कम ५ तारखेपर्यंत तयार ठेवणे, म्हणजे ७ तारखेचा भरणा चुकत नाही. येणे बाकीची यादी दर सोमवारी. रिपोर्टिंग सिनिअर अकाउंटंटकडे.

त्याहून मोलाचे म्हणजे काय तिच्याकडे नाही, हेही लिहिले. बँकेच्या पोर्टलवर ती पेमेंट तयार करील, मंजूर करणार नाही. जीएसटी विवरणपत्रे सिनिअर अकाउंटंट तपासून दाखल करतील. ज्युनिअर माणसाच्या हातात तयार करणे आणि मंजूर करणे दोन्ही आले की चुकीच्या खात्यात गेलेल्या रकमेचा शोध घेताना फर्म आणि कर्मचारी दोघेही अडचणीत येतात.

याच भागात "विवरणपत्रास उशीर झाल्यास दंडाची रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल केली जाईल" अशी एक ओळ होती. ती काढली. जीएसटीच्या जीएसटीआर-३बी या विवरणपत्राला उशीर झाला की विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये असते आणि ते करदात्याचे, म्हणजे फर्मचे. दाखल करण्याचा अधिकारच जिला नाही तिच्याकडून ते घेता येत नाही. आणि अशी ओळ असली की माणूस चूक लपवायला शिकतो. हिशेबात ते विलंब शुल्कापेक्षा फार महाग पडते.

प्रोबेशन

मसुदा म्हणत होता: "प्रोबेशन सहा महिने. आवश्यकतेनुसार वाढवले जाईल. या काळात पीएफ व रजा लागू नाही. नोटीस पिरियड दोन्ही बाजूंनी ६० दिवस." चार वाक्ये, आणि चारही दुरुस्त करावी लागली.

पीएफ पहिल्या दिवसापासून लागतो, प्रोबेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिवाय त्याच पत्राच्या तक्त्यात पीएफची कपात दाखवलेली होती. वेगवेगळ्या नमुन्यांतून उचललेली दोन वाक्ये एकाच कागदावर भांडत होती. रजेचेही तसेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी प्रासंगिक रजा आहे, ती तिमाहीने जमा होते. प्रोबेशनवरचा माणूस तिच्यातून वगळलेला नाही. अर्जित रजेचा हक्क मात्र वर्षात २४० दिवस काम झाल्यावर येतो, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत ती नाही हे पत्रात लिहिता येते.

"आवश्यकतेनुसार वाढवले जाईल" या वाक्याला शेवट नाही. लेखी आदेशानेच कायम केले जाईल असे पत्र म्हणत असेल आणि कमाल मुदत दिलेली नसेल, तर सहा महिने उलटले म्हणून माणूस आपोआप कायम होत नाही. तो प्रोबेशनवरच आहे असे सहसा धरले जाते. म्हणजे फर्मच्या विसरभोळेपणाची शिक्षा कर्मचाऱ्याला. उलट कमाल मुदत लिहिली आणि ती उलटून गेली, तर कायम झाल्याचा दावा भक्कम होतो. म्हणून सुधारित पत्रात तारखा घातल्या: प्रोबेशन ७ जुलै २०२५ ते ६ जानेवारी २०२६, पहिला आढावा ६ ऑक्टोबरला, वाढवायचे तर एकदाच, जास्तीत जास्त तीन महिने, ६ जानेवारीपूर्वी, कारणे लिहून, आणि त्या तारखेपर्यंत कोणतेच पत्र न दिल्यास कायम समजले जाईल.

सहा महिने का, तीन का नाहीत? या काळात टीडीएसची दोन तिमाही विवरणपत्रे (३१ जुलै आणि ३१ ऑक्टोबर) आणि जीएसटीची सहा चक्रे तिच्या हाताखालून जातात. पहिल्या तिमाहीला ती शिकत असते, दुसऱ्या तिमाहीत काम दिसते. तीन महिन्यांत फक्त टायपिंगचा वेग कळला असता.

नोटीस प्रोबेशनमध्ये १५ दिवस, कायम झाल्यावर ३० दिवस, दोन्ही बाजूंना सारखी. नोटीसऐवजी पगार द्यायचा तर तो एकूण पगारावर की बेसिकवर, हेही लिहिले: बेसिकवर. हा शब्द राहिला तर शेवटच्या हिशेबात दोघेही आपल्या सोयीचा आकडा धरतात.

रुजू होण्याच्या अटी

पत्राची तारीख २ जून होती आणि "१६ जूनपर्यंत रुजू न झाल्यास ऑफर रद्द" असे लिहिलेले. तिचा सध्याचा नोटीस पिरियड ३० दिवसांचा. ३ जूनला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस २ जुलै. ही अट पाळायची तर जुनी नोकरी नोटीस मोडून सोडावी लागेल, आणि मग रिलीव्हिंग लेटर अडेल. पुढच्याच ओळीत "रुजू होताना रिलीव्हिंग लेटर सादर करणे बंधनकारक" होते! लहान कार्यालये ते पत्र शेवटचा हिशेब झाल्यावर, कधी कधी आठवडे लावून देतात. बदल असा केला: रुजू होण्याची तारीख ७ जुलै, त्या दिवशी राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल किंवा पत्र, रिलीव्हिंग लेटर ३० दिवसांत.

पूर्व-नोकरीची पडताळणी हा याहून नाजूक मुद्दा. मसुद्यात "ही ऑफर पडताळणीच्या अधीन आहे" असे होते, ती केव्हा पुरी होणार याची तारीख नव्हती. तिने राजीनामा दिला आणि जुलैमध्ये पडताळणीत काही निघाले, तर तिची एक नोकरी सुटलेली आणि दुसरी मिळालेली नाही. म्हणून क्रम उलटवला. पदवी आणि आठ महिन्यांच्या जुन्या नोकरीची पडताळणी ६ जूनपर्यंत पुरी करायची, निकाल लेखी कळवायचा, आणि राजीनामा त्यानंतर द्यावा असे पत्रातच सांगायचे. तीन-चार दिवस पुढे सरकले तरी ७ जुलैची तारीख साधते. सध्याच्या कार्यालयाला फोन मात्र राजीनामा स्वीकारला जाईपर्यंत करायचा नाही.

मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेण्याची अट आणि दोन वर्षांच्या बाँडसाठी सही केलेला कोरा चेक, ही दोन्ही कलमे पूर्ण काढली. कागद मूळ दाखवायचे आणि प्रती द्यायच्या, एवढे पुरते. बाँडबद्दल सांगायचे तर भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, आणि फर्मने प्रशिक्षणावर काही खर्चच केला नसेल तर वाजवी काय याचे उत्तर देता येत नाही. कोरा चेक तर फर्मच्याच गळ्यात अडकतो.

कागदांच्या यादीत आधार, पॅन, बँक खात्याचा रद्द चेक, पदवीची प्रत आणि यूएएन. यूएएन आणि आधारवरचे नाव, जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का ते रुजू होण्याआधी तपासून घ्यायचे. लग्नानंतर आडनाव बदललेले असेल तर इथे हमखास अडते, आणि पहिल्या महिन्याचा पीएफ त्या खात्यात भरता येत नाही.

पत्राचा गाभा शेवटी असा झाला:

> आपली 'ज्युनिअर अकाउंटंट' या पदावर दि. ७ जुलै २०२५ पासून नियुक्ती करण्याचे ठरले आहे. आपला मासिक एकूण पगार ₹२२,००० (बेसिक ₹१५,०००, घरभाडे भत्ता ₹७,०००) असेल. त्यातून आपल्या पीएफ हिश्श्याचे ₹१,८०० वजा होऊन पूर्ण महिन्यासाठी सुमारे ₹२०,२०० आपल्या खात्यात जमा होतील. फर्मचा पीएफ हिस्सा व आरोग्य विमा याव्यतिरिक्त आहेत. बोनस व ग्रॅच्युइटी कायद्यानुसार देय होतील. कामाचे स्वरूप परिशिष्ट 'अ' मध्ये व प्रोबेशनच्या अटी परिशिष्ट 'ब' मध्ये आहेत. पडताळणी पूर्ण झाल्याचे पत्र मिळाल्यावरच आपण सध्याच्या नोकरीचा राजीनामा द्यावा. स्वीकृती दि. ५ जून २०२५, सायंकाळी ५ पर्यंत कळवावी.

पत्र हातात पडल्यावर तिने एकच गोष्ट विचारली: २०,२०० हा आकडा कायम झाल्यावर वाढेल का? मालकांनी वाढ द्यायची तयारी दाखवली, पण रक्कम ठरवली नाही. म्हणून पत्रात "कायम झाल्यावर पगाराचा आढावा घेतला जाईल" एवढेच आले. 'वाढ दिली जाईल' हा शब्दप्रयोग मुद्दाम टाळला, कारण तो टाकला की किती, हा प्रश्न जानेवारीत उभा राहतो.

हेच पत्र २१ नोव्हेंबर २०२५ नंतर काढायचे असेल, म्हणजे चारही कामगार संहिता लागू झाल्यावर, तर तीन ठिकाणी पुन्हा नजर टाकावी लागते. वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाडे भत्त्यासारखे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जादा रक्कम वेतनात धरली जाते. इथे बेसिक १५,००० असल्याने ती वेळ येत नाही, जुन्या १०,००० च्या मसुद्यातही विशेष भत्ता वेतनातच मोजला गेला असता आणि ग्रॅच्युइटी वाढली असती. पगारातून दंड कापायचा असेल तर संहितेत कारणे, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकणे आणि वेतनाच्या तीन टक्क्यांची मर्यादा आहे. आणि राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे, त्यामुळे "शेवटचा हिशेब ४५ दिवसांत" असे जुन्या नमुन्यातले वाक्य पत्रात उरले असेल तर ते आधी खोडावे.